सात वर्तुळं आणि एक पंगत

अंकुश वासनिक भिंतीवर सात वर्तुळं पाडायचा आणि मग त्यांच्याकडे असा बघायचा, जणू ती त्यानेच प्रसवली होती. मधे एक, भोवती सहा, आणि सगळ्यांना एकमेकांशी जोडणाऱ्या रेघा. प्रोजेक्टरच्या उजेडात त्याचा गुळगुळीत चेहरा निळा दिसायचा. तृप्ती रामटेके मागच्या खुर्चीत बसून हे पाहायची आणि मनात म्हणायची, बाबा रे, पवनीच्या बाजारात तुझी आई वांगी विकते, आणि तू 'ॲक्च्युअली' शिवाय तोंड उघडत नाहीस.

तृप्ती अड्याळच्या 'तलावकाठ राइस' या कंपनीत मनुष्यबळाची व्यवस्थापक होती. नाव कंपनीचं, पण गावात सगळे गिरणीच म्हणायचे. इथे धान गरम पाण्यात भिजवून, वाफवून, वाळवून मग त्याचं टरफल काढत, म्हणजे उसना तांदूळ करत. गोंदिया जिल्हा वेगळा झाला तेव्हा नावाजलेल्या गिरण्या तिकडे गेल्या आणि ही भंडाऱ्याच्या वाट्याला राहिली, असं मालक बाबुलालजी अभिमानाने सांगायचे. आता ते थकले होते. मुलगा अश्विन परदेशात गेला होता आणि तिकडून फक्त सल्ले पाठवायचा. म्हणून पुण्याच्या 'ग्रेनव्हिस्टा फूड्स'शी विलीनीकरण ठरत होतं.

दोन कंपन्या जुळतील की नाही, हे तपासायला सात घटकांचं मॉडेल आणलं होतं. धोरण, रचना आणि कार्यपद्धती हे तीन कागदावर दिसणारे घटक. नेतृत्वाची शैली, माणसं, कौशल्यं आणि मधोमध सामायिक मूल्यं हे चार न दिसणारे. पुण्याकडून तपासणीचा प्रमुख अंकुश, गिरणीकडून तृप्ती. दोघांच्या सह्यांनी अहवाल संचालकांपुढे जायचा होता.

मॉडेलशी तृप्तीचं भांडण नव्हतं. नागपुरात एमबीए करताना ती ते शिकली होती आणि तिला ते शहाणपणाचं वाटलं होतं. त्या मॉडेलचा सगळा जीव रेघांमध्ये आहे. एका वर्तुळाला हात लावला की बाकीची सहा हलतात, एवढीच त्याची शिकवण. म्हणून दोन्ही कंपन्यांचं प्रत्येक वर्तुळ आधी समोरासमोर ठेवायचं, आणि मग यांची पद्धत त्यांच्या मूल्यांशी, त्यांची रचना यांच्या माणसांशी जुळते का, अशी एकेक जोडी तपासायची. सात घटकांच्या एकवीस जोड्या होतात. अंकुशने एकही जोडी तपासली नाही. त्याने प्रत्येक वर्तुळाला दहापैकी गुण दिले, बेरीज केली, सातने भागलं आणि हिरवा रंग भरला.

"सरासरी काढलीस?" तृप्तीने विचारलं.

"ओव्हरऑल अलाइनमेंट चांगली आहे. एखादं कमी असलं तर दुसरं भरून काढतं."

"म्हणजे एका पायात काटा रुतला तर दुसऱ्या पायात भारी बूट घालायचा?"

अंकुश दात काढून हसला. वरिष्ठांनी विनोद केल्यावर हसायची त्याला सवय होती, आणि विनोद कोणता अन् टोला कोणता हे त्याला ओळखता येत नसे.

सामायिक मूल्यांना तर त्याने दहापैकी नऊ दिले होते. का, तर दोन्ही कंपन्यांच्या भिंतीवर एकच पाटी होती: सचोटी, ग्राहक, टीमवर्क. गिरणीतली पाटी बाबुलालजींनी भंडाऱ्याच्या एका रंगाऱ्याकडून, कुठल्याशा बँकेची पाटी बघून रंगवून घेतली होती. टीमवर्कचा 'टी' तेवढा वाळवणीच्या वाफेने उडाला होता.

तृप्तीला या सगळ्या उठाठेवीतून एकच गोष्ट वाचवायची होती, ती म्हणजे दुपारची पंगत.

गिरणीत दोन वाजता पाळी बदले. पण दुपारची माणसं दीडलाच येत आणि सकाळची अडीचला जात. मधला तासभर दोन्ही पाळ्या शेडच्या सावलीत एका रांगेत बसून जेवत. भिजवणीच्या हौदांचं सगळं बोलणं तिथेच व्हायचं. कोणता हौद कधी उपसायचा, कोणतं धान ओलं आलंय, कोणता व्हॉल्व गळतोय, हे भाजीच्या डब्याबरोबर इकडून तिकडे जायचं. ही पंगत कुणी थोर विचारातून सुरू केली नव्हती. पूर्वी बौद्धांची माणसं एका बाजूला, मासे धरणाऱ्या ढिवरांची दुसऱ्या बाजूला आणि बाकीची तिसऱ्याच बाजूला बसत. हौदाची खबर मधल्या मधे हरवे आणि धान आंबे. बाबुलालजींचे वडील धान आंबल्यावर कुणालाच सोडत नसत. शेवटी केशरबाई नावाच्या बाईने आपला डबा उचलला आणि सरळ ढिवरांच्या मधे जाऊन बसली. पुढच्या काही दिवसांत बाकीचे सरकले. जे भाषणांनी झालं नाही ते आंबलेल्या धानाने करून दाखवलं. तृप्तीचे वडील तेव्हा वाळवणीवर होते. लहानपणी ती त्यांचा डबा घेऊन यायची आणि त्याच रांगेत बसून आपल्या बरोबरीच्या रंजू ढिवराच्या आईच्या हातची माशाची भाजी खायची.

तिथे एक नियम होता, कधी न लिहिलेला. दुसऱ्याच्या हौदाला त्याने तोंडाने सांगितल्याशिवाय हात लावायचा नाही. तो उद्धटपणा. पण एकदा सांगितलं की तो हौद तुझा.

अंकुशने पंगतीला 'कर्मचारी कल्याण' या रकान्यात टाकलं, माणसांच्या वर्तुळाखाली, चहा आणि दिवाळीच्या मिठाईशेजारी.

"ही कार्यपद्धती आहे," तृप्ती म्हणाली. "कौशल्यही इथेच शिकवलं जातं. आणि मूल्य काय ते बघायचं असेल तर पाटी नको बघूस, पंगत बघ. तुमच्याकडे टॅबवर नोंद झाल्याशिवाय कुणी काही करायचं नाही. आमच्याकडे तोंडाने सांगितल्याशिवाय कुणी काही करायचं नाही. दोन्ही नियम आपापल्या घरी चांगले आहेत. पण पंगत काढून टॅब दिलास, तर सांगणारा कुणी उरणार नाही आणि आमच्या माणसाचा हात हौदाला लागणार नाही. ही जोडी लाल आहे, अंकुश."

"जोड्यांसाठी टेम्प्लेटमध्ये जागा नाही," अंकुश म्हणाला. हे मात्र तो अगदी मनापासून बोलला.

तिने ते वेगळ्या पानावर लिहून जोडलं. अंकुशने ते परिशिष्टात टाकलं. परिशिष्ट ही कॉर्पोरेट जगातली माळ्यावरची जागा आहे, तिथे टाकलेलं पुन्हा कुणी काढत नाही.

मग ती बाबुलालजींकडे गेली. ते केबिनमध्ये नवीन कंपनीच्या बोधचिन्हाचे रंग निवडत बसले होते.

"काकाजी, पंधरा दिवस पंगत बंद करून ट्रायल घेणार म्हन्तात ते. नाही म्हना तुम्ही."

"अवं पोरी, एका तासाले दोन पाळ्यांचा पगार जाते म्हन्तात ते लोकं. कायले अडून राहिली तू? लग्नात नवरीकडचे अशे अडत नाहीत."

"नवरीकडचे असं कधीपासून झालो आपन? बरोबरीचं विलीनीकरन म्हनलं होतं न तुम्ही?"

बाबुलालजींनी दोन हिरवे रंग समोर धरले. "यातला कोनता बरा दिसते?"

या माणसाने तीस वर्षं गिरणी चालवली होती आणि त्यातली किमान वीस त्या पंगतीच्या टोकाला बसून. तृप्तीला त्यांचा राग आला, आणि रागापेक्षा जास्त कीव आली. ती बाहेर पडली.

ट्रायल सुरू झाली. सकाळची पाळी बरोबर दोनला सुटायची, दुपारची बरोबर दोनला आत शिरायची. दोघांची गाठ फाटकात पडायची, तीही धक्काबुक्कीत. प्रत्येक हौदाशेजारी टॅब टांगलेला. त्यात दोनच पर्याय: 'भिजवण सुरू' आणि 'भिजवण पूर्ण'. ज्याने सुरू केलं त्यानेच पूर्ण करायचं, हा पुण्याचा नियम, कारण जबाबदारी निश्चित असली पाहिजे. रोजच्या रोज अंकुश पुण्याला आलेख पाठवायचा. वाचलेला वेळ त्यात उंच उंच चढत जायचा.

ट्रायलच्या शेवटाला पुण्याचे संचालक स्वतः अहवाल ऐकायला येणार होते. त्याच्या आदल्या दिवशी सकाळी जागेश्वर नान्हे याने तीन नंबरचा हौद भरला. जागेश्वर सकाळच्या पाळीचा मुकादम, तृप्तीच्या वडिलांचा सोबती. वाफेच्या लाइनीचं काम निघालं होतं म्हणून हौद दोनच्या आत उपसता आला नाही. चारला लाइन सुरू होईल, मग उपसायचा, एवढंच सांगायचं होतं. टॅबवर त्याने 'भिजवण सुरू' टाकलेलं होतं, आणि ते खरंच होतं. 'चारला उपसा' असं लिहायला तिथे जागा नव्हती. फाटकात त्याने दुपारच्या धनराजला शोधलं, पण पुण्याहून आलेल्या सुपरवायझरने दोघांनाही रांगेत पुढे ढकललं.

दुपारी सुपरवायझर टॅबवर 'पूर्ण' येण्याची वाट बघत राहिला. धनराजला हौदाकडे बघून कळत होतं. पण हौद जागेश्वरचा, आणि जागेश्वर काही बोलला नव्हता. गरम पाण्यातलं धान कुणासाठी थांबत नाही. रात्रभर ते तिथेच पडून राहिलं.

सकाळी संचालकांची गाडी फाटकात वळली तेव्हा वास रस्त्यापर्यंत आला होता. आंबलेल्या धानाचा वास एकदा नाकात बसला की दोन दिवस निघत नाही. संचालकांनी रुमाल लावला. बाबुलालजींनी हार पुढे केला. आणि अंकुश, ॲक्च्युअली अंकुश, नाक दाबून सगळ्यांदेखत ओरडला:

"अरे, हे काहून आंबून राहिलं बे?"

पवनी शेवटी बाहेर पडलीच. तृप्तीला एवढ्या दुर्गंधीतही हसू आवरलं नाही. इतक्या दिवसांत त्याने केलेलं हे पहिलंच खरं विधान होतं.

बैठक झाली, खिडक्या लावून. अंकुशने हिरवी वर्तुळं लावली. मग घसा साफ करून म्हणाला, कालची घटना दुर्दैवी आहे. तीन नंबरचा हौद ज्याने सुरू केला त्याने पूर्ण केला नाही, म्हणजे हा कौशल्याचा प्रश्न आहे. कौशल्याच्या वर्तुळाचे गुण आपण दोनाने कमी करू, सरासरी तरीही हिरवीच राहते. संबंधित मुकादमाला कामावरून कमी करण्याची शिफारस जोडली आहे. खाली सहीसाठी दोन रेघा होत्या. त्याची सही झालेली होती.

त्याने पेन तृप्तीपुढे सरकवलं.

"जागेश्वर नान्हेला ज्या दिवशी कमी कराल त्या दिवशी मलाही करा," ती म्हणाली. आवाज चढला होता आणि तिने तो उतरवला नाही. "परिशिष्ट उघडा. पहिलं पान."

संचालक मूर्ख नव्हते. त्यांनी पान उघडलं आणि वाचलं. यांची पद्धत, त्यांचं मूल्य, जोडी लाल, पंगत काढल्यास हौद बेवारस होईल. खाली ट्रायल सुरू होण्याआधीची तारीख होती.

"हे तुम्ही आधीच लिहिलं होतं?"

"लिहिलं होतं. टेम्प्लेटमध्ये जागा नव्हती. साहेब, त्या हौदाशेजारी काल दोन चांगले नियम उभे होते, तुमचा आणि आमचा. कुणीही नियम मोडला नाही, म्हणूनच धान आंबलं. कुणी मोडला असता तर वाचलं असतं. हे वर्तुळात दिसत नाही, रेघेत दिसतं. सरासरी काढली की आधी रेघाच मरतात."

अंकुश भिंतीवरच्या रेघांकडे बघत होता. त्या कशासाठी आहेत हा प्रश्न त्याला पहिल्यांदाच पडला असावा.

संचालकांनी पान मिटलं. बाबुलालजी आता मान खाली घालून बसले होते. "माझा बाप गेला तरी ते पंगत मोडली नव्हती," ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. वरातीमागून घोडं आलं ते असं.

"मिस रामटेके," संचालक म्हणाले, "यू आर राइट. शिफारस रद्द करा. ती जेवणाची पद्धत परत सुरू करा. आपल्या सगळ्या गिरण्यांत सुरू करा. अंकुश, तू याचं डिझाइन कर."

तृप्ती जिंकली. संध्याकाळी घरी जाताना ती जागेश्वरच्या दारात थांबली. तो अंगणात जाळं दुरुस्त करत बसला होता. पंगत परत येते म्हटल्यावर त्याने जाळं खाली ठेवलं.

"होय का वं पोरी? खरंच?"

"खरंच, मामाजी. मी सही नाही केली न."

"तुह्या बापानं तुले उगाच नाही शिकवलं," तो म्हणाला, आणि तिचे डोळे भरून आले. हातपाय न धुता ती तिथेच ओट्यावर बसून चहा प्यायली. त्या आठवड्यात तिने विलीनीकरणाच्या अहवालावर सही केली. लाल जोडी आता दुरुस्त होणार होती, मग न करण्याचं कारणही नव्हतं.

डिझाइन उभं राहायला दोन महिने लागले. अंकुशने जीव ओतला होता. त्याला 'शिफ्ट कनेक्ट' असं नाव होतं. शेड पाडून तिथे जेवणाचा हॉल झाला होता, एसीचा, स्टीलच्या टेबलांचा. दारात अंगठ्याचं यंत्र, कारण हजेरी सक्तीची. श्रेणीप्रमाणे टेबलं: मुकादम एकीकडे, हौदावरचे एकीकडे, वाळवणीवरच्या बाया एकीकडे, ऑफिस काचेपलीकडे. भिंतीवर जेवताना चर्चा करायचे मुद्दे लिहिलेले. बाहेरचं खाणं आणायला मनाई, कारण माशांचा वास एसीत राहतो. दाराच्या वर सात वर्तुळं रंगवली होती. टीमवर्कचा 'टी' आता जागेवर होता.

केशरबाईने डबा उचलून जी माणसं एका रांगेत आणली होती, ती अंकुशने पुन्हा वेगळी बसवली, या वेळी श्रेणीवार. त्याला ते कळलंही नाही. त्याला वाटलं आपण पंगत वाचवली.

पहिल्या दिवशी तृप्तीने अंगठा लावला आणि ताट घेतलं. हॉलमध्ये चमच्यांखेरीज आवाज नव्हता. धनराज एका टेबलावर, आता वाळवणीवर असलेली रंजू दुसऱ्यावर, जागेश्वर मुकादमांच्या टेबलावर भिंतीकडे तोंड करून. कुणी वळून कुणाला काही सांगत नव्हतं. सांगायचं तर उठून दुसऱ्या श्रेणीच्या टेबलापाशी जावं लागलं असतं, आणि सुपरवायझर मधे उभा होता. काचेपलीकडे बाबुलालजी नवीन हिरव्या बोधचिन्हाखाली बसून एकटेच जेवत होते.

ती काचेपलीकडे गेली नाही. सरळ मुकादमांच्या टेबलाकडे गेली, जागेश्वरच्या शेजारची खुर्ची ओढली आणि बसली.

टेबलावरचे सगळे उभे राहिले. जागेश्वरही. हात धुऊन झालेला नव्हता, बोटांना वरण होतं, तरी तो उभा राहिला, खिशाजवळ नव्या कंपनीचा बिल्ला लावून.

"बसा न मामाजी," ती म्हणाली. "तीन नंबरचं कसं हाय आज?"

त्याने सुपरवायझरकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"टॅबवर टाकलं आहे, मॅडम," जागेश्वर म्हणाला. "पाहून घ्या."